सोन्याच्या वायद्यात एक लॉट म्हणजे किती ग्रॅम, आणि भाव एक रुपया हलला तर तुमचे किती?

"साहेब, सोनं पाचशेनं वाढलं म्हणताय, मग माझ्या खात्यात पन्नासच रुपये कसे?" सांगलीत कमॉडिटीची खाती सांभाळणाऱ्या कुणालाही हा फोन नवा नाही. फोन करणाऱ्याकडे पेटलचा, म्हणजे एक ग्रॅमच्या वायद्याचा, एक लॉट असतो आणि टीव्हीवरचा भाव दहा ग्रॅमचा असतो. याची उलटी बाजू मात्र महागात पडते. मिनी म्हणजे छोटाच, असं धरून माणूस एक लॉट घेतो आणि भाव हजारानं पडला की दहा हजार गेलेले पाहून चक्रावतो.

घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. भाव कितीच्या वजनाचा आहे आणि सौदा किती वजनाचा आहे, या दोन गोष्टी लोक एकच समजतात. खाली दिलेल्या क्रमानं गेलात तर ऑर्डर टाकण्याआधीच आकडा हातात येतो. सगळीकडे सोन्याचा भाव दहा ग्रॅमला १,२०,००० रुपये धरला आहे. तो फक्त हिशेब सोपा व्हावा म्हणून आहे. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला.

## १. तयारी: वॉचलिस्टमध्ये नेमकं काय टाकलंय ते बघा

एमसीएक्स या कमॉडिटी एक्स्चेंजवर सोन्याचे पाच वायदे चालतात आणि अ‍ॅपमध्ये 'गोल्ड' टाइप केलं की पाचही समोर येतात, त्यातही दोन-तीन महिन्यांचे. घाईत वरचं पहिलं नाव दाबलं जातं, आणि ते नाव एक किलोचं असू शकतं. म्हणून आधी चिन्ह वाचा.

| स्क्रीनवरचं नाव | एक लॉट | भाव कितीचा | भाव १ रुपया हलला तर एका लॉटवर |
|---|---|---|---|
| `GOLD` | १ किलो | १० ग्रॅमचा | १०० रुपये |
| `GOLDM` (मिनी) | १०० ग्रॅम | १० ग्रॅमचा | १० रुपये |
| `GOLDTEN` | १० ग्रॅम | १० ग्रॅमचा | १ रुपया |
| `GOLDGUINEA` | ८ ग्रॅम | ८ ग्रॅमचा | १ रुपया |
| `GOLDPETAL` | १ ग्रॅम | १ ग्रॅमचा | १ रुपया |

एमसीएक्सवर 'मायक्रो' नावाचा वेगळा सोन्याचा वायदा नाही. लोक बोलताना मायक्रो म्हणतात ते शेवटच्या तिघांपैकी कुणाला तरी. त्यामुळे "मायक्रोचा एक लॉट घे" असं कुणी सांगितलं, तर आधी चिन्ह विचारा. टेन आणि पेटल यांच्या वजनात दहापटीचा फरक आहे.

टेन २०२५ साली सुरू झाला. त्याआधीच्या व्हिडिओंत आणि पुस्तकांत तो सापडणार नाही, म्हणून जुन्या तक्त्यावर विसंबू नका.

तपासा: वॉचलिस्टमधल्या भावाच्या आकड्याकडे बघा. आपण धरलेल्या भावानुसार तो एक लाख वीस हजाराच्या आसपास असेल तर १० ग्रॅमचा, बारा हजाराच्या आसपास असेल तर १ ग्रॅमचा आणि शहाण्णव हजाराच्या आसपास असेल तर ८ ग्रॅमचा आहे. नुसता भावाचा आकडा बघूनही वायदा ओळखता येतो. फक्त मिनी, टेन आणि मोठा गोल्ड या तिघांचे भाव जवळजवळ सारखे दिसतात. तिथे नाव वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

## २. लॉट भागिले भावाचं वजन

सूत्र एवढंच आहे:

```
१ रुपयाची किंमत = लॉटचं वजन ÷ भावाचं वजन
```

मोठ्या गोल्डचा लॉट १,००० ग्रॅमचा आणि भाव १० ग्रॅमचा, म्हणून भागाकार १००. मिनीचा १०० भागिले १०, म्हणजे १०. टेनचा १० भागिले १०, म्हणजे १. हळदीच्या सौद्याला बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे भाव क्विंटलचा बोलला जातो, माल पोत्यात असतो आणि पट्टी एकूण वजनावर होते. सोन्यातही पट्टी लॉटवर होते, पुकारलेल्या भावाच्या वजनावर नाही.

आता खरी मेख. टेन, गिनी आणि पेटल या तिन्हींत एका रुपयाला एकच रुपया मिळतो, म्हणून ते सारखेच असा समज होतो. पण त्यांचा तो एक रुपया एकाच वजनावरचा नाही. सोनं दहा ग्रॅमला ५०० रुपयांनी हललं, तर टेनचा भाव ५००नं हलेल, गिनीचा ४००नं आणि पेटलचा ५०नं. सुरुवातीच्या फोनचं उत्तर हेच. पेटलवाल्याचं काही चुकलेलं नाही, त्याच्याकडे एकच ग्रॅम आहे.

याच हालचालीवर मिनीच्या एका लॉटला ५,००० रुपये आणि मोठ्या गोल्डला ५०,००० रुपये इकडचे तिकडे होतात. आणि सोन्यात एका दिवसात दोन टक्के हलणं फार विशेष नाही. १,२०,०००च्या दोन टक्के म्हणजे २,४०० रुपये. त्या दिवशी पेटलला २४०, गिनीला १,९२०, टेनला २,४००, मिनीला २४,००० आणि मोठ्या गोल्डला २,४०,००० रुपये.

इशारा: स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ज्या भावाला बाहेर पडायचं तो भाव, ठरवताना टीव्हीवरचा किंवा दुसऱ्या वायद्याचा आकडा उचलून पेटलमध्ये टाकू नका. 'आठशे पॉइंटचा स्टॉपलॉस' हे वाक्य दहा ग्रॅमच्या भावाचं आहे. पेटलमध्ये तो ८० होतो. तिथे ८०० ठेवलात तर ते दहा ग्रॅमला आठ हजार झाले, म्हणजे स्टॉपलॉस नसल्यातच जमा.

पेटलची आणखी एक खोड. भाव कमीत कमी एक रुपयानं हलतो, पण तो एक रुपया ग्रॅममागे आहे. दहा ग्रॅमच्या भाषेत ती दहा रुपयांची उडी झाली. त्यामुळे बारीक हिशेबावर आत-बाहेर करणाऱ्याला पेटल जाडाभरडा वाटतो. शिकण्यासाठी तो चांगला, पण दिवसात चार वेळा सौदा फिरवायला नाही.

## ३. परदेशी व्हिडिओतला मिनी आणि मायक्रो इथे आणू नका

यूट्यूबवर 'मायक्रो गोल्ड' म्हणून जे शिकवतात ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या कॉमेक्सचं असतं. तिथला मोठा वायदा १०० ट्रॉय औंसाचा, मिनी ५० औंसाचा आणि मायक्रो १० औंसाचा. भाव एका औंसाला डॉलरमध्ये. एक डॉलर हलला तर मोठ्यावर १०० डॉलर, मिनीवर ५० आणि मायक्रोवर १० डॉलर. मोठ्यात आणि मायक्रोत भाव दहा-दहा सेंटनं सरकतो, म्हणजे एका टप्प्याला अनुक्रमे १० डॉलर आणि १ डॉलर. मिनीत टप्पा पंचवीस सेंटचा असतो, म्हणून त्याचे साडेबारा डॉलर होतात.

एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. म्हणजे त्यांचा 'मायक्रो' ३११ ग्रॅमचा झाला, आपल्या मिनीच्या तिप्पट. त्यांचा मोठा तीन किलोच्या वर जातो. तिथल्या माणसानं "दोन मायक्रो लॉट घेतो" म्हटलं, तर ते आपल्याकडच्या सहा मिनीच्या आसपास असतं. नावावरून आकार ठरवणाऱ्याची इथेच फसगत होते.

भावाचा संबंध लावायचा असेल तर असा लावा. डॉलर ९० रुपये धरला, तर औंसाला एक डॉलर म्हणजे दहा ग्रॅमला साधारण २९ रुपये होतात, आयात शुल्क त्याच्यावर वेगळं. रात्री कॉमेक्सवर सोनं ३० डॉलरनं पडलं, तर इथे साडेआठशे ते नऊशे रुपयांची घसरण धरून ठेवायची. रुपया त्याच वेळी घसरला तर पडझड कमी दिसेल.

परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत रक्कम, भरायला इथून पैसे पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेत बसत नाही. त्यामुळे तो मायक्रो आपल्यासाठी फक्त भाव बघण्यापुरता.

## ४. आधी तोटा ठरवा, मग लॉट

लोक उलट क्रमानं जातात. खात्यात किती पैसे आहेत ते बघतात, मार्जिन किती लागतं ते बघतात आणि बसतील तेवढे लॉट घेतात. एका उदाहरणानं बघू.

मिरजेचे एक गृहस्थ. खात्यात दोन लाख. एका सौद्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये गेले तरी चालतील, असं त्यांनी ठरवलंय. चार्ट बघून ते म्हणतात, १,२०,०००ला घेणार आणि १,१९,२००ला बाहेर पडणार. म्हणजे अंतर ८०० रुपयांचं.

मार्जिन दहा टक्के धरू. ते रोज बदलू शकतं, तुमच्या ब्रोकरच्या पानावर त्या दिवसाचं बघा. मिनीच्या एका लॉटची किंमत १२ लाख, त्याला मार्जिन १,२०,०००. खात्यात दोन लाख आहेत, म्हणजे मिनी 'बसतो'. अ‍ॅपही ऑर्डर घेईल. पण स्टॉपलॉस लागला तर तोटा ८०० गुणिले १०, म्हणजे ८,००० रुपये. यांची मर्यादा ५,०००. मार्जिन बसलं तरी सौदा बसत नाही.

आता टेन बघू. एका लॉटवर तोटा ८०० रुपये. ५,०००ला ८००नं भागा, सहा येतात आणि थोडे उरतात. सहा लॉट म्हणजे ६० ग्रॅम, तोटा ४,८००. मार्जिन ७२,०००च्या आसपास. खात्यात सव्वा लाख मोकळा राहतो, आणि तो राहायलाच हवा, कारण तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो.

```
लॉट = ठरवलेला तोटा ÷ (स्टॉपलॉसचं अंतर × १ रुपयाची किंमत)
```

उत्तर अपूर्णांकात आलं तर खालचा पूर्णांक घ्या. ६.२५ आलं म्हणून सात घ्यायचे नाहीत. उत्तर एकाच्या खाली आलं तर तो वायदा तुमच्यासाठी मोठा आहे, लहान वायद्यावर उतरा. मिनीचं उत्तर इथे ०.६२ आलं असतं.

स्टॉपलॉस जवळ आणून मिनी बसवायचा मोह होतो. ८००च्या जागी ५०० केलं की गणित जुळतं. पण बाहेर पडायची जागा चार्टनं ठरवलेली होती. ती लॉटच्या सोयीनं सरकवलीत, तर बाजाराच्या नेहमीच्या हेलकाव्यातच बाहेर फेकले जाल.

तपासा: सौदा रात्रभर ठेवणार असाल तर आणखी एक आकडा काढा. एमसीएक्स रात्री साडेअकराला बंद होतं, अमेरिकेत हिवाळी वेळ असली की ११.५५ला. बाहेर सोनं त्यानंतरही चालू असतं. सकाळी भाव दोन टक्के खाली उघडला तर स्टॉपलॉस १,१९,२००ला नाही, १,१७,६००च्या आसपास लागेल. सहा टेनवर तो तोटा १४,४०० रुपये. हा आकडा पचणार नसेल तर लॉट कमी करा किंवा रात्री सौदा ठेवू नका.

## ५. खर्च रुपयात नाही, पॉइंटमध्ये मोजा

लहान लॉट म्हणजे लहान खर्च, हे अर्धंच खरं. सरकारी आणि एक्स्चेंजचे खर्च सौद्याच्या किमतीवर असतात. विकताना ०.०१ टक्के सीटीटी म्हणजे कमॉडिटी व्यवहार कर, घेताना ०.००२ टक्के स्टँप ड्युटी, दोन्ही बाजूंना लाखामागे २.१० रुपये एक्स्चेंजचे. पण ब्रोकरेज पुष्कळ ठिकाणी ऑर्डरमागे सपाट असतं. समजा २० रुपये, म्हणजे घेऊन-विकून ४०, वर जीएसटी.

आता पेटलचा एकच लॉट घ्या, बारा हजारांचा. सरकारी खर्च दोन-अडीच रुपयेच, पण ब्रोकरेज आणि जीएसटी धरून एकूण साधारण ४९ रुपये होतात. म्हणजे नफा सुरू व्हायला ग्रॅमला ४९, दहा ग्रॅमच्या भाषेत ४९० रुपये भाव वाढायला हवा. टेनच्या एका लॉटला तोच खर्च ६८ रुपयांच्या आसपास, म्हणजे ६८ पॉइंट. सहा टेन एकाच ऑर्डरमध्ये घेतले तर एकूण १७१ रुपये, लॉटमागे २८-२९ पॉइंट. मिनीला साधारण २५ पॉइंट.

म्हणून वरच्या गृहस्थांनी सहा लॉट एकदमच घ्यावेत. एकेक करून सहा ऑर्डरी टाकल्या तर ब्रोकरेज सहापट. ४,८०० अधिक १७१, म्हणजे ४,९७१ झाले. पाच हजारांच्या आत बसलं, पण काठावर.

काही ब्रोकर लहान सौद्यावर टक्केवारीनं कमी ब्रोकरेज घेतात. तुमच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर बघा, अंदाजावर जाऊ नका.

## ६. ऑर्डर टाकताना 'क्वांटिटी'ची खिडकी

इतकं सगळं बरोबर करून माणूस इथे चुकतो. काही अ‍ॅप क्वांटिटीत लॉट मागतात, काही एकक मागतात. एका ठिकाणी मिनीसाठी '१' म्हणजे एक लॉट असतो. दुसरीकडे तोच एक लॉट '१००' किंवा '१०' असा भरावा लागतो. ब्रोकर बदलला, किंवा त्याच ब्रोकरचं अ‍ॅप सोडून वेबवर गेलात, तरी हे बदललेलं असू शकतं.

क्वांटिटी भरल्यावर खाली जे मार्जिन दिसतं ते वाचा. टेनच्या सहा लॉटला ७२,०००च्या आसपास अपेक्षित आहे आणि खिडकी सात लाख दाखवतेय, तर तुम्ही मिनी उघडला आहे किंवा क्वांटिटी दहापट झाली आहे. ऑर्डर तिथेच थांबवा.

नव्या अ‍ॅपवर पहिला सौदा पेटलच्या एका लॉटचा करा. भाव दोन-चार रुपये हलू द्या आणि नफा-तोट्याचा रकाना तुमच्या गणिताशी जुळतो का ते बघा. चाळीस-पन्नास रुपयांत खात्री होते.

टेन आणि गिनीत ऑर्डरी मिनीइतक्या दाट नसतात. खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर बघून लिमिट ऑर्डर टाका. दूरच्या महिन्याच्या वायद्यात हे अंतर आणखी रुंदावतं.

## ७. माल हातात असणाऱ्यांसाठी: विट्याचा हिशेब

खानापूर, आटपाडी, विटा या पट्ट्यातली सोनं गाळणारी गलाईवाली मंडळी देशभर पसरली आहेत. त्यांना भाव वाढण्यावर पैज लावायची नसते, घेतलेलं सोनं विकेपर्यंत भाव पडू नये एवढंच हवं असतं. त्यांचं गणित तोट्यावरून नाही, वजनावरून सुरू होतं.

समजा ३०० ग्रॅम मोड घेतली, गाळून टंच ९२ निघाला. शुद्ध सोनं २७६ ग्रॅम. वायदा शुद्ध सोन्याचा आहे, म्हणून ३०० ग्रॅमवर नाही, २७६वर विक्री करायची. दोन मिनी म्हणजे २०० ग्रॅम आणि सात टेन म्हणजे ७० ग्रॅम. सहा ग्रॅम उघडे राहतात, ते पेटलनं झाकता येतात, पण त्यासाठी खर्च करावा असं मला वाटत नाही.

भाव दहा ग्रॅमला हजारानं पडला, तर लगडीत २७,६०० गेले. मिनीनं २०,००० आणि टेननं ७,००० दिले. फरक ६०० रुपयांचा. जमलं.

अडचण भाव वाढल्यावर येते. हजारानं वाढला तर वायद्यात २७,००० रुपये तोटा, आणि तो रोख भरायचा. लगडीतला नफा मात्र लगड विकल्यावरच हातात येणार. ही रोकड बाजूला नसेल, तर ब्रोकर मध्येच सौदा कापतो आणि झाकलेला माल पुन्हा उघडा पडतो. म्हणून मार्जिनव्यतिरिक्त दोन-तीन हजार पॉइंटच्या हालचालीचे पैसे, म्हणजे या सौद्यात ५४,००० ते ८१,००० रुपये, खात्यात मोकळे ठेवा.

वायद्याचा भाव आयात शुल्क धरून आणि जीएसटी सोडून असतो. सराफ कट्ट्यावरच्या ३ टक्के जीएसटीसहित भावाशी तो जुळवायला जाल, तर दहा ग्रॅमला ३,६०० रुपयांच्या आसपास फरक दिसेल. तो फरक म्हणजे कमाईची संधी नाही.

## ८. एक्स्पायरी: एकाच महिन्याच्या नावाच्या दोन तारखा

मोठ्या गोल्डचे वायदे फेब्रुवारी, एप्रिल, जून असे एकाआड एक महिन्याचे असतात आणि ५ तारखेला संपतात. मिनी दर महिन्याचा, तोही ५ तारखेलाच. टेन, गिनी आणि पेटल महिनाअखेरीस संपतात. म्हणजे 'डिसेंबर मिनी' ५ डिसेंबरला जातो आणि 'डिसेंबर टेन' ३१ डिसेंबरला. सुट्टी आली तर आधीच्या कामाच्या दिवशी. या फरकामुळे, आणि मोठ्या गोल्ड-मिनीत ९९५ तर लहान तिघांत ९९९ शुद्धता असल्यामुळे, दोघांचा भाव तंतोतंत सारखा नसतो. मिनीचा चार्ट बघून टेनमध्ये स्टॉपलॉस टाकणार असाल, तर आकडा नाही, अंतर उचला.

सोन्याचे हे वायदे डिलिव्हरीचे आहेत. एक्स्पायरीच्या आधीच्या काही दिवसांत टेंडरचा, म्हणजे प्रत्यक्ष सोनं देण्या-घेण्याच्या तयारीचा, काळ सुरू होतो आणि मार्जिन वाढतं. मिनीचा एक लॉट घेऊन तसाच बसलात, तर १२ लाख आणि वर ३६,००० जीएसटी द्यायची तयारी हवी. बहुतेक ब्रोकर त्याआधीच सौदा बंद करतात, त्यांच्या वेळेला आणि त्या क्षणी असेल त्या भावाला. टेंडर कधी सुरू होतो ते ब्रोकरला सौदा घ्यायच्या दिवशीच विचारा, आणि त्याच्या दोन दिवस आधीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर टाका. पुढच्या महिन्यात सरकायचं असेल तर त्या दिवशी आधी जुना सौदा काटा, मग नव्या महिन्याच्या भावावर लॉटचं गणित पुन्हा करा. स्टॉपलॉसचं अंतर बदललं असेल, तर लॉटही बदलतील.